उन्हाने उजळलेली टोकं आणि सगळ्या केसांना एकच तपकिरी: कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी, पाहणी

धाकट्या बहिणीचे केस. आजवर रंग लावलेला नाही, मेंदीही नाही. मुळापासून टोकापर्यंत साधारण ४५ सेंटिमीटर लांब. ती रोज मैदानावर धावते, केस उंच पोनीत बांधते आणि डोक्यावर काही घेत नाही. तिची मागणी सरळ आहे: “ताई, सगळे केस एकाच तपकिरी रंगाचे हवेत. टोकं वेगळी दिसायला नकोत.”

केस धुऊन, पूर्ण वाळवून खिडकीपाशी बघितले. थेट ऊन पडत नव्हतं, नुसता दिवसाचा उजेड होता. लेव्हल म्हणजे केसाच्या गडदपणाचा आकडा, जितका लहान तितका केस गडद. ती ट्यूबलाइटखाली ठरवण्यात अर्थ नाही आणि ओल्या केसावर तर मुळीच नाही, कारण ओला केस एखादी लेव्हल गडद दिसतो. पातळ बट घेऊन पांढऱ्या कागदावर पंख्यासारखी पसरली आणि शेडकार्डचे नमुने शेजारी धरले. मुळाशी लेव्हल ३, म्हणजे गडद तपकिरी. हनुवटीपर्यंत तोच रंग. त्याखाली मात्र जागोजागी वेगळं चित्र आहे.

पोनीच्या वरच्या आणि बाहेरच्या थरातली टोकं लेव्हल ६ वर गेली आहेत, नारिंगी झाक असलेली. पोनीच्या आतला गाभा लेव्हल ४, फार तर ५. मानेलगतचे केस टोकापर्यंत जवळजवळ ३च, कारण ते कायम बाकीच्या केसांच्या सावलीत राहिले. कपाळाच्या दोन्ही बाजूंच्या, पोनीतून सुटून वाऱ्यावर उडणाऱ्या बारीक बटा सगळ्यात फिक्या आहेत. त्यांच्या शेवटच्या चारपाच सेंटिमीटरला लेव्हल ७, पिवळसर नारिंगी.

कागदावर डोक्याची बाहेरून एक आणि केस उलगडून आतून एक अशा दोन आकृत्या काढून हे सगळं त्यांवर मांडलं. या नकाशाशिवाय पुढचं काम नीट होणार नाही. “टोकं फिकी आहेत” एवढ्या माहितीवर सगळ्या टोकांना एकच उपाय केला तर आतली टोकं काळी पडतील आणि बाहेरची तरीही फिकीच राहतील.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे हिच्या केसाचं टोक तीन वर्षांचं आहे आणि मुळाजवळचा भाग काही आठवड्यांचा. टोकाने तीन उन्हाळे बघितले आहेत. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून केसातलं गडद मेलॅनिन हळूहळू मोडतात. ते मोडत गेलं की आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळसर झाक वर येते. ब्लीचने केस उजळताना रंग याच क्रमाने उलगडतात. ऊन तेच काम संथपणे करतं आणि जिथे पोहोचतं तिथेच करतं.

५ फेब्रुवारी, शेड ठरवली

तिने शेडकार्डवर ४.० निवडली, मध्यम तपकिरी, कुठलीही खास झाक नसलेली. माझ्याही मनात तीच होती. मुळं ३ आणि टोकं ६ असताना एकच शेड सगळीकडे आणायची, तर मुळं वर चढवावी लागणार आणि टोकं खाली उतरवावी लागणार. शेड ५ घेतली असती तर टोकं सोपी झाली असती, पण मुळांना दोन लेव्हल उचलताना तांबूसपणा इतका वर आला असता की ते नुसतं तपकिरी राहिलं नसतं. ४ घेतल्यावर मुळांना एकच लेव्हल चढायचं आहे. अमोनिया असलेला पर्मनंट रंग आणि ६% डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचं हायड्रोजन पेरॉक्साइड, यांना तेवढं सहज जमतं. टोकांना मात्र दोन, काही ठिकाणी तीन लेव्हल उतरायचं आहे. खरं काम तिथे आहे.

तिने विचारलं, “ताई, उलटं करता नाही का येणार? आतले काळे राहिलेले केसच थोडे उजळ करून घेऊ.” करता येतं, पण त्यासाठी चांगल्या, मजबूत केसांवर ब्लीच घालावं लागेल. शिवाय ब्लीच केलेला केस आणि उन्हाने उजळलेला केस लेव्हलला सारखे दिसले तरी रंग सारखा पीत नाहीत. मग सगळ्याच केसांचा गेलेला रंग भरून काढावा लागेल. थोड्या केसांची अडचण सगळ्या डोक्यावर पसरवायची, असं ते होईल. तिला पटलं.

टोकांचा केस कसा आहे तेही आज बघितलं. पाण्याचा बारीक फवारा मारला. मुळाजवळ थेंब क्षणभर तसेच उभे राहिले, बाहेरच्या टोकांत ते लगेच जिरून केस गडद झाला. केसाच्या पृष्ठभागावर जन्मतः एक अगदी पातळ स्निग्ध थर असतो. ऊन आणि वर्षानुवर्षांचं धुणं यांनी तो जातो, मग केस पाणी भराभर ओढतो. असा सच्छिद्र केस रंगही भराभर ओढतो आणि तितक्याच सहज सोडून देतो. केस पाण्याच्या ग्लासात टाकून तरंगतो की बुडतो ते बघण्याच्या चाचणीवर माझा विश्वास नाही. केसावर तेल असलं की तो तरंगतो, एवढंच त्यातून कळतं.

मग एकेक ओला केस दोन बोटांत धरून हलके ताणला. मुळाचा लांबून परत आला. पोनीच्या टोकांचाही आला, जरा सावकाश. कपाळाजवळच्या बटांच्या शेवटच्या तुकड्यातले काही केस ताणल्यावर लांबलेलेच राहिले. असा केस रंग धरून ठेवत नाही, पुढे तुटतोही. म्हणून रंगाआधी सगळीकडून तीनचार सेंटिमीटर कापायचं ठरलं.

८ फेब्रुवारी, कापणी, धुणं आणि पॅच टेस्ट

केस कोरडेच कापले. कापलेली टोकं फेकली नाहीत. कुठल्या भागातली आहेत त्याप्रमाणे वेगवेगळ्या जुड्या केल्या, प्रत्येकीला वरच्या बाजूला दोरा आणि चिठ्ठी बांधली: बाहेरची पोनी, आतली पोनी, डावं कपाळ, उजवं कपाळ. रंगाची चाचणी यांच्यावर करणार. डोक्यावरचे केस वाया जात नाहीत आणि चाचणी नेमक्या त्याच भागातल्या केसांवर होते. ही कापलेली टोकं डोक्यावर उरलेल्या टोकांपेक्षा थोडी जास्त खराब आहेत हे धरून चालायचं. चाचणीत जितका रंग उडेल, त्याहून डोक्यावर थोडा कमी उडेल.

केस क्लॅरिफायिंग शॅम्पूने दोनदा धुतले, कंडिशनर फक्त टोकांना आणि अगदी थोडा. सच्छिद्र टोकांत सिरम, तेल आणि पाण्यातले क्षार साचून राहतात, त्यामुळे रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. जुड्याही त्याच शॅम्पूने धुतल्या.

कानामागे पॅच टेस्ट केली. वापरणार असलेल्या तीनही रंगांचे तीन छोटे ठिपके, वेगवेगळ्या जागी. टोकांना लावायचा रंग सौम्य असतो म्हणून त्याची टेस्ट टाळायची, असं बरेच जण करतात. ते धोक्याचं आहे. टोकांना लावायच्या डेमी-पर्मनंट, म्हणजे धुण्यांत हळूहळू उतरणाऱ्या रंगातही पीपीडी हे ॲलर्जी देऊ शकणारं रसायन किंवा त्याच्या जातीचीच रसायनं असतात आणि ॲलर्जी सौम्य-तीव्र बघून येत नाही. ४८ तास वाट बघायची. खाज, लाली, सूज, यांतलं काहीही दिसलं तर काम तिथेच थांबणार.

१० फेब्रुवारी, जुड्यांवर चाचणी

पॅच टेस्ट ठीक. कानामागे काही नाही.

बाहेरच्या पोनीची जुडी चार भागांत विभागली. एक भाग तसाच ठेवला, तुलनेसाठी. बाकी तिघांवर तीन वेगळे मार्ग.

पहिल्या भागावर थेट पर्मनंट ४.० आणि ६% डेव्हलपर, ३५ मिनिटं. मुळांना जे लावणार तेच टोकांनाही लावलं तर काय होतं हे बघायचं होतं. धुऊन वाळवल्यावर भाग जवळजवळ लेव्हल ३ इतका गडद झाला. पण रंग मेलेला दिसत होता. खिडकीशी धरून हलवला की वरून करडी, थोडी हिरवट सावली फिरत होती. न्यूट्रल शेडमध्ये लाल, पिवळा आणि निळा असे तिन्ही रंग असतात, पण त्या शेडची रचना केसात आधीपासून थोडा तांबूसपणा आहे असं धरून केलेली असते. लेव्हल ४ च्या नैसर्गिक केसात तांबडा रंग भरपूर असतो. उजळलेल्या टोकात तो उरलेला नसतो. मग शेडमधल्या निळ्याला खालच्या पिवळसर नारिंगीची गाठ पडते आणि हिरवट छटा वर येते.

दुसऱ्या भागावर डेमी ४.० आणि सुमारे २% डेव्हलपर, २० मिनिटं. हा इतका काळवंडला नाही, दिसायलाही बरा. ज्याने तो आजच बघितला असेल त्याला वाटेल, झालं काम.

तिसऱ्या भागावर आधी फिलर, मग डेमी ४.०. फिलर म्हणजे टोकांतून गेलेला तांबूसपणा परत भरणारा रंग. लेव्हल हव्या असलेल्या शेडपेक्षा एकने फिकी, झाक कॉपर: ५.४. बऱ्याच कंपन्यांत बिंदूनंतरचा ४ म्हणजे कॉपर, ३ म्हणजे सोनेरी, १ म्हणजे राखी. पण सगळ्यांत नाही, त्यामुळे ट्यूबवरचा आकडा कंपनीच्या तक्त्याशी ताडून घ्यायचा. हा फिलरही डेमीच घेतला, त्याच २% डेव्हलपरबरोबर, १५ मिनिटं. धुऊन वाळवल्यावर भाग विटकरी-तांबूस झाला. बहीण शेजारीच उभी होती, ती घाबरली. या टप्प्यावर रंग असाच दिसायला हवा. त्यावर डेमी ४.० वीस मिनिटं. वाळल्यावर उबदार, खोल तपकिरी. दुसऱ्या भागाशेजारी ठेवला तर आज फरक फार नाही. हिवाळी उजेडात जरा जास्त जिवंत दिसतो, इतकंच.

खरी परीक्षा धुण्याची. उद्यापासून तिन्ही भाग साध्या शॅम्पूने एकेकदा धुऊन, वाळवून बाजूला ठेवायचे.

मुळांसाठी मानेलगतची एक बारीक बट डोक्यावरच निवडली. पर्मनंट ४.०, ६%, ३५ मिनिटं. ती नेमकी एक लेव्हल चढली आणि थोडी तांबूस झाली. ही तांबूस झाक आपल्याला हवीच आहे. मुळांच्या या उबेशी फिलर भरलेली टोकं जुळतील, नुसता डेमी लावलेली कदाचित नाही.

१७ फेब्रुवारी, धुण्यानंतर

पहिला भाग, थेट पर्मनंटचा, गडद राहिला आहे, पण असमान. तुकड्याच्या वरच्या टोकाला ३, खालच्या टोकाला ५ आणि खाली शेवाळी छटा. म्हणजे एका टोकाच्या चार सेंटिमीटरमध्येही सच्छिद्रता सारखी नाही.

दुसरा भाग, नुसता डेमी, पार उतरला. लेव्हल ५ ते ६, आत पोकळ वाटणारा, फिका खाकी. जुळवायला आणलेल्या नमुन्याजवळही जात नाही.

तिसरा भाग थोडाच फिका झाला, ४ आणि ५ च्या मधे, आणि फिका होतानाही तांबूस तपकिरीच राहिला. हिरवं नाही, खाकी नाही. फिलरचा फायदा मला इथे सगळ्यात जास्त वाटतो. रंग थोडा उतरणारच, पण उतरला तरी तो खऱ्या तपकिरी केसासारखा उतरतो.

आतल्या पोनीच्या जुडीवर, म्हणजे लेव्हल ५ वर, फिलरशिवाय डेमी ४.० करून बघितला. धुण्यानंतरही बरा टिकला. तिथे फरक एकाच लेव्हलचा आहे आणि केसात स्वतःचा तांबूसपणा उरलेला आहे. त्याच जुडीच्या दुसऱ्या अर्ध्यावर फिलर घालून बघितलं तर ती अनावश्यक लाल झाली. त्यामुळे फिलर सगळ्या टोकांना नाही. नकाशावर लेव्हल ६ आणि ७ लिहिलेल्या जागांनाच.

कपाळाच्या जुडीला, लेव्हल ७ ला, १५ मिनिटांचा फिलर कमी पडला. २० मिनिटांनी बसला.

२१ फेब्रुवारी, रंगाचा दिवस

केस कालच धुऊन वाळवलेले, आज काही लावलेलं नाही. नकाशा समोर भिंतीवर चिकटवला. डोक्याचे चार भाग करून क्लिपा लावल्या, पोनीचा बाहेरचा थर आणि कपाळाच्या बटा वेगळ्या बांधल्या.

सुरुवात फिलरपासून. डेमी ५.४, ३० ग्रॅम रंगाला ६० मिलिलिटर डेव्हलपर, या कंपनीचं प्रमाण १:२ आहे. दुसऱ्या कंपनीचं वेगळं असू शकतं, खोक्यात बघायचं. केस पाण्याच्या फवाऱ्याने किंचित दमट केले. सच्छिद्र टोक कोरडं असलं की जिथे ब्रश आधी टेकतो तिथे जास्त रंग ओढून घेतं, दमट असलं की रंग सारखा पसरतो.

लावण्याचा क्रम फिकटाकडून गडदाकडे. आधी कपाळाच्या बटा, मग पाच मिनिटांनी पोनीचा बाहेरचा थर. म्हणजे धुण्याच्या वेळी कपाळाला २० आणि पोनीला १५ मिनिटं मिळतात आणि सगळं एकदमच धुता येतं. आतल्या पोनीला हात लावला नाही.

या टप्प्यात सगळ्यात जास्त लक्ष सीमेवर लागतं. उन्हाची उजळी कुठल्या रेषेवर सुरू होत नाही, आठदहा सेंटिमीटरमध्ये हळूहळू येते. फिलर ब्रशने सरळ रेषेत लावला की त्या रेषेवर तांबडा पट्टा दिसतो, आणि तो वरच्या रंगातूनही डोकावतो. म्हणून ब्रश आडवा न चालवता उभा धरून नागमोडी लावला. वरची कड हातमोज्यातल्या बोटांनी वर ओढत ओढत पुसट केली, शेवटच्या दोन सेंटिमीटरला तर बोटाला लागलेलाच रंग. एक बट उचलून उजेडात बघितली तर तांबूसपणा कुठे सुरू झाला हे बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. तसंच हवं होतं.

दर पाच मिनिटांनी एक बट ओल्या कापडाने पुसून बघत गेले. घड्याळ मदतीला असतं, पण निर्णय बटेवर घ्यायचा. डाव्या कपाळाची बट उजवीच्या आधी बसली, ती अठराव्या मिनिटाला पुसून घेतली. धावताना मैदानावर कुठल्या बाजूने ऊन लागतं त्याचाही फरक असावा.

कोमट पाण्याने धुतलं, शॅम्पू नाही. पूर्ण वाळवलं आणि पुन्हा खिडकीशी. मुळं गडद, टोकं विटकरी. जी जागा ६ आणि ७ होती ती आता साधारण ५ च्या आसपास आणि उबदार. आता डोक्यावर दोनच ठिकाणं उरली: जी चढवायची आणि जी थोडी उतरवायची. कपाळाची टोकं आणि पोनीची टोकं पहिल्यांदा एकमेकांसारखी दिसली.

दोन वाट्या घेतल्या. एकीत पर्मनंट ४.० आणि ६% डेव्हलपर, ६० ग्रॅमला ९० मिलिलिटर. दुसरीत डेमी ४.० आणि २% डेव्हलपर, १:२. दुसरी वाटी लगेच कालवली नाही. मिसळल्याबरोबर रंगाची क्रिया सुरू होते, त्यामुळे ती लावायच्या वेळीच कालवायची.

मुळापासून दोन सेंटिमीटर सोडून मधल्या लांबीला आधी पर्मनंट लावला. टाळूच्या उष्णतेने मुळाजवळचा केस लवकर आणि जास्त उजळतो. तिथे सुरुवात केली की मुळाशी उबदार फिका पट्टा राहतो आणि मधला भाग गडद. मधल्या लांबीनंतर पंधरा मिनिटांनी मुळांना लावला. मानेकडून सुरुवात केली, कपाळाची कड शेवटी, कारण तिथले केस बारीक असतात आणि रंग लवकर घेतात.

मुळांना लावून पंधरा मिनिटं झाल्यावर दुसरी वाटी कालवली आणि टोकांना डेमी लावला. इथे उलट क्रम: आधी आतली पोनी, जिला फिलर नव्हता, मग फिलर भरलेली टोकं. पर्मनंटच्या खालच्या कडेवर डेमी साधारण दोन सेंटिमीटर चढवला आणि बोटांनी दोन्ही एकमेकांत मिसळले. टोकांना जास्त रंग थापला नाही. सच्छिद्र केसावर जितका थापाल तितका तो पीत राहतो.

टोकांना वीस मिनिटं, तोवर मुळांची ३५ पूर्ण झाली. टोकांची बट सतराव्या मिनिटाला पुसली तेव्हा ती मुळापेक्षा कणभर गडद दिसली, म्हणून मग जास्त थांबले नाही. ओला केस गडद दिसतो, त्यात टोकं ओलसर राहतात जास्त, हे धरूनच ठरवलं.

धुताना आधी थोडं कोमट पाणी घेऊन टाळूवर रंग दोन मिनिटं फेसासारखा फिरवला, मग पाणी सोडलं. हे करताना टोकं बाजूला धरली, म्हणजे मुळांचा तीव्र रंग टोकांवरून जास्त वेळ ओघळत राहत नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतलं, शॅम्पू नाही, आम्लधर्मी कंडिशनर पाच मिनिटं. गरम ड्रायर नाही.

संध्याकाळी तिने केस सोडून आरशात बघितलं आणि टोकं हातात घेऊन उलटसुलट केली. काही बोलली नाही, नंतर फोनवरून मैत्रिणीला सांगताना ऐकलं: “कुठे संपतात ते कळतच नाही गं.”

२२ फेब्रुवारी, दिवसाच्या उजेडात

मुळं ४, थोडी तांबूस. मधली लांबी ४. टोकं ४, काही ठिकाणी किंचित गडद. उजवीकडे पोनीच्या बाहेरच्या थरात एक अर्ध्या वीतभर पट्टा आजूबाजूपेक्षा कणभर गडद दिसतो. पर्मनंट आणि डेमी जिथे एकमेकांवर चढले नेमकी तीच जागा. काही करायचं नाही. त्या जागेचा केस अर्धवट सच्छिद्र आहे, जास्तीचा रंग चारपाच धुण्यांत उतरेल. आत्ता तिथला रंग काढायला गेलं तर फिलरही निघून येईल आणि त्या जागेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शॅम्पू आजपासून दोन दिवसांनी. तोही कमी फेसाचा, टाळूलाच चोळून. टोकांना फेस ओघळतो तेवढा पुरतो.

१५ मार्च, तीन आठवड्यांनी

तो गडद पट्टा गेला. पोनीची टोकं ४ वरून साडेचारपर्यंत उतरली आहेत, चाचणीच्या तिसऱ्या भागासारखीच, तांबूस तपकिरी. कपाळाच्या बटा सगळ्यांत जास्त उतरल्या, जवळजवळ ५. तिथला केस असाच राहणार. रंगाने केसाची सच्छिद्रता भरून येत नाही, फिलरनेही नाही. फिलर रंगाला खाली बसायला जागा देतो, केस दुरुस्त करत नाही. पुढच्या कापणीत ते टोक निघून जाईल तेव्हाच खरा फरक पडेल.

ऊनही थांबलेलं नाही. केसात लावलेले रंगही उन्हात फिके पडतात, आणि जे कण टोकांत सैल बसले आहेत ते आधी जातात. तिला सांगितलं, धावताना डोक्यावर टोपी घाल आणि पोनीची वेणी घालून टोक आत दुमड. सुटी पोनी बाहेरून सगळीकडून ऊन घेते, दुमडलेल्या वेणीचं टोक आत राहतं. केसांच्या सनस्प्रेला मी फारसं महत्त्व देत नाही. घामाने तो पहिल्या फेरीतच धुऊन निघतो.

कपाळाच्या बटांना पुढच्या रविवारी फक्त डेमी ४.०, दहा मिनिटं, फिलरशिवाय. खाली तांबूसपणा अजून आहे, ते शेजारच्या पोनीशी ताडून बघितलं.

मुळांची वाढ दोन महिन्यांनी अडीच सेंटिमीटरच्या आसपास दिसेल. नैसर्गिक ३ आणि रंगवलेला ४ यांत फरक एकच लेव्हलचा, त्यामुळे कड बोचणार नाही. तेव्हा पर्मनंट फक्त नव्या वाढीला लावायचा. टोकांवर दर वेळी पर्मनंट ओढत नेला तर रंग थरावर थर चढून टोकं पुन्हा वेगळी दिसतील, या वेळी काळी. टोकांना गरज वाटली तरच डेमी, तोही शेवटची दहा मिनिटं. चाचणीच्या तिसऱ्या भागाची जुडी चिठ्ठीसकट डब्यात ठेवली आहे, तेव्हा तिच्याशीच रंग जुळवायचा.